क्लेमचा फॉर्म सारखा परत येतोय? आधी तारीख आणि वेळ जुळवा

मी एका गॅरेजमध्ये गाडीच्या विम्याच्या क्लेमच्या टेबलावर बसतो. ठोकलेली गाडी आत येते आणि मालक समोर मोबाइल ठेवून म्हणतो, "तिसऱ्यांदा परत आलाय, जरा बघा ना." बघितलं की दहातल्या आठ वेळा दुखणं तेच निघतं. म्हणून एकदा लिहूनच ठेवतो.

लक्षणं

विमा कंपनीच्या पोर्टलवर सबमिटचं बटण करडंच राहतं, दाबलं तरी काही होत नाही. नाहीतर फोटो चढवताना गोल फिरत राहतो आणि शेवटी "फाइल स्वीकारता येत नाही" असं येतं. ही दोन दुखणी फॉर्मची आहेत आणि बरी होणारी आहेत.

तिसरं जास्त त्रासाचं. फॉर्म सुरळीत जातो, क्लेम नंबर मिळतो आणि दोन-चार दिवसांनी निरोप येतो : "तपशील जुळत नाहीत" किंवा "माहिती अपुरी आहे". काय जुळत नाही ते कोणी सांगत नाही. तुम्ही एक रकाना सुधारून परत पाठवता, मग दुसऱ्याच कारणाने परत येतो. चौथं लक्षण बहुतेक वेळा या तिसऱ्यातूनच निघतं. वैतागून माणूस नवा फॉर्म भरतो आणि एकाच अपघाताचे दोन क्लेम नंबर तयार होतात.

क्लेम तपासणारा माणूस पाच गोष्टी शेजारी ठेवून वाचतो : तारीख-वेळ, ठिकाण, वर्णन, फोटो आणि पोलीस रिपोर्ट. या पाचांनी एकच घटना सांगायला हवी. तुम्हाला ती पाठ असते म्हणून चूक दिसत नाही. त्याला फक्त रकाने दिसतात.

एक प्रकरण, पाच रकाने

एक काका आले होते. शनिवारी रात्री नातेवाइकांकडून परतताना उड्डाणपुलावरून उतरत होते. एक दुचाकी अचानक आडवी आली, काकांनी गाडी वळवली आणि ती दुभाजकावर गेली. कोणाला लागलं नाही. पुढचा बंपर, डावा हेडलाइट आणि डाव्या चाकाची बाजू गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पोलिसांत नोंद केली आणि मग फॉर्म भरला. तो तीनदा परत आला.

मी त्यांचा फॉर्म आणि रिपोर्ट शेजारी ठेवले. फॉर्ममधली तारीख १५ मार्च २०२५, वेळ दुपारी १२:२०. ठिकाण म्हणून आमच्या गॅरेजचा पत्ता. फोटोंच्या फाइलचं नाव `IMG-20250318-WA0011.jpg`, म्हणजे १८ तारीख. वर्णन : "रात्री गाडीला अपघात झाला, खूप नुकसान झाले." आणि पोलीस रिपोर्टमध्ये घटना १६ मार्च २०२५, ००:२०, उड्डाणपुलाचा उतार.

"काका, हा अपघात नक्की कधी झाला?"

"अहो शनिवारी रात्रीच! मी खोटं कशाला सांगेन?"

काका खोटं सांगतच नव्हते. तरी फॉर्ममध्ये पाच वेगवेगळे अपघात दिसत होते. पुढच्या तपासण्या याच क्रमाने करा. पहिल्या दोनांना पैसाही लागत नाही आणि पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळही नाही.

१. कोऱ्या कागदावर एक ओळ

पोर्टल बंद करा. कागदावर लिहा : तारीख, वार, २४ तासांच्या घड्याळाची वेळ, जागा. पोलीस रिपोर्ट असेल तर तो शेजारी ठेवा आणि त्यातली घटनेची वेळ वाचा. रिपोर्टवर दोन वेळा असतात, घटना घडल्याची आणि नोंद झाल्याची. लोक घाईत नोंदीची वेळ उचलतात. काकांची नोंद सकाळी पावणेअकराची होती, ती फॉर्ममध्ये गेली असती तर आणखी एक गोंधळ.

ही तपासणी आधी ठेवतो कारण बाकी सगळं हिच्यावर उभं आहे. इथे चूक असेल तर फोटो कितीही चांगले काढा, फॉर्म परत येणारच.

२. मध्यरात्र आणि तारखेचा क्रम

आपण बोलताना "शनिवारी रात्री बारा वीसला" म्हणतो. घड्याळाच्या हिशेबाने तेव्हा रविवार लागलेला असतो. रात्री बारा ते पहाटेपर्यंतचा कुठलाही अपघात कॅलेंडरच्या पुढच्या तारखेला जातो. पोलीस तसंच लिहितात, फोटोवर तसंच उमटतं, फक्त आपण जुनी तारीख धरून बसतो. पॉलिसी त्याच मध्यरात्री संपत किंवा सुरू होत असेल, तर हा एका दिवसाचा फरक साधा उरत नाही. क्लेम मिळतो की नाही हे त्यावर ठरू शकतं.

त्यातच AM-PM आहे. रात्रीचे बारा म्हणजे 12 AM आणि दुपारचे बारा म्हणजे 12 PM. हे उलटं टाकणारे माझ्याकडे दर महिन्याला येतात, शिकलेसवरलेले सुद्धा. काकांनी 12:20 PM निवडलं होतं, म्हणून अपघात भर दुपारी झाला. फॉर्म २४ तासांची वेळ घेत असेल तर तीच टाका. `00:20` मध्ये गोंधळाला जागाच नाही.

तारखेच्या क्रमाचंही बघा. 03/04/2025 म्हणजे एका ठिकाणी ३ एप्रिल, दुसऱ्या ठिकाणी ४ मार्च. कॅलेंडर उघडणाऱ्या रकान्यात तारीख कुठल्या क्रमाने दिसेल हे बऱ्याचदा ब्राउझरच्या भाषेवर ठरतं. त्यामुळे एकच फॉर्म दोन मोबाइलवर वेगळा दिसू शकतो. टाइप करू नका, कॅलेंडरमधून महिना बघून निवडा. दिवस १२ पेक्षा मोठा असेल तर चूक लगेच कळते, कारण १५ वा महिना नसतो. १ ते १२ मधल्या तारखांना मात्र फॉर्म मुकाट्याने चुकीची तारीख घेतो. निवडून झाल्यावर पुढच्या पानावरचा सारांश वाचा, तिथे महिना अक्षरांत असेल तर तोच खरा पुरावा.

३. ठिकाण

इथे एकच सापळा आहे : "माझं सध्याचं ठिकाण वापरा" हे बटण. ते तुम्ही आत्ता जिथे बसला आहात ती जागा टाकतं, मग ती घर असो की गॅरेज. नकाशावर पिन हाताने अपघाताच्या जागी न्या. फॉर्म आकडे मागत असेल तर नकाशातून उचललेल्या जोडीत पहिला अक्षांश आणि दुसरा रेखांश, हा क्रम बदलू नका. खाली एक ओळ लिहा : कुठला रस्ता, कुठल्या दिशेने जात होतो, जवळची ओळखीची खूण. पोलिसांनी जागेचं जे नाव लिहिलंय तेच इथेही लिहा, एकाच पुलाची तीन नावं असतील तरी.

४. फोटो

फोटोंना तीन प्रश्न विचारा. फाइल चालते का? तारीख खरी आहे का? दिसायला हवं ते दिसतं का?

फाइलचं दुखणं सोपं आहे. आयफोनचे फोटो केबलने कंप्युटरवर घेतले की ते बऱ्याचदा `.HEIC` असतात आणि बरीच पोर्टलं ते घेत नाहीत. नाव बदलून शेवटी `.jpg` लावणारे बरेच भेटतात. त्याने आतलं काहीच बदलत नाही. फोटो उघडून JPEG म्हणून पुन्हा सेव्ह करावा लागतो. पुढच्या फोटोंसाठी फोनमध्ये Settings → Camera → Formats → Most Compatible करून ठेवा. जुन्या फोटोंवर त्याचा परिणाम होत नाही. दुसरं म्हणजे नाव. "अपघात फोटो (१).jpg" अशी मराठी अक्षरं, मोकळी जागा आणि कंस काही पोर्टलं नाकारतात. `front_left_01.jpg` असं साधं नाव द्या. मोठी फाइल लहान करायची असेल तर लांब बाजू १६०० पिक्सेलपर्यंत आणली की बहुतेक काम होतं आणि नंबरप्लेट वाचता येते. मूळ फोटो मात्र तसाच ठेवा, कमी केलेली प्रत वेगळी करा.

तारखेचं दुखणं जास्त खोल आहे. फोनने काढलेल्या फोटोच्या आत काढल्याची वेळ नोंदलेली असते, ठिकाण चालू असेल तर जागाही. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की ही नोंद गळते, चित्र दाबलं जातं आणि नावात पाठवल्याची तारीख येते. काकांच्या मुलाने १८ तारखेला फोटो पाठवले म्हणून नावात 20250318. स्क्रीनशॉटचंही तसंच, त्यावर स्क्रीनशॉट काढल्याची वेळ. उपाय साधा आहे : ज्या फोनने फोटो काढला त्याच फोनवरून चढवा, किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा, म्हणजे फाइल जशीच्या तशी येते.

शंका असेल तर फोनमध्ये फोटो उघडून वर सरकवा, तपशील दिसतात. कंप्युटरवर फोटोतली नोंद वाचणारं `exiftool` असेल तर :

```
exiftool -DateTimeOriginal -GPSPosition front_left_01.jpg
```

काकांच्या मुलाच्या मूळ फोटोवर `2025:03:16 00:34:10` निघालं. अपघातानंतर चौदा मिनिटांनी, जागेवरच. यापेक्षा चांगला साक्षीदार नाही आणि तो तीन खेपा व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रतीमागे दडून बसला होता.

एक गोष्ट खणखणीत सांगतो. फोनचं घड्याळ चुकीचं असेल आणि नोंद चुकीची निघाली, तर ती बदलू नका. वर्णनात लिहा, "फोनचे घड्याळ इतके तास मागे होते." नोंद बदलल्याचं उघड झालं तर खरा क्लेमही संशयात जातो.

दिसायला काय हवं? पूर्ण गाडी चारही कोपऱ्यांतून, प्रत्येकात नंबरप्लेट किंवा ओळखता येणारा भाग. मग नुकसानाचा जवळून आणि जरा लांबून असा जोडीने फोटो. नुसता जवळचा असेल तर तो कुठल्या गाडीचा, कुठल्या बाजूचा हे कळत नाही, आणि परत येण्याचं हे नेहमीचं कारण आहे. किलोमीटरचा काटा आणि चॅसी नंबरचाही एकेक. जागेचा एक फोटो असा की दुभाजक, रस्ता आणि गाडी एकत्र दिसतील. गाडी हलवण्याआधी काढा, पण वाहत्या रस्त्यात उभं राहून नाही. जीव आधी, फोटो नंतर.

५. वर्णन

"खूप नुकसान झाले" यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. घटना क्रमाने लिहा : कुठून कुठे, कशाने, गाडीचा कुठला भाग कशावर आदळला, कोणाला लागलं का, गाडी नंतर चालवता आली का. दोष कोणाचा यावर तर्क लिहू नका, जे बघितलं ते लिहा. काकांसाठी आम्ही शेवटी हे लिहिलं :

"दि. १६ मार्च २०२५ रोजी रात्री ००:२० वाजता उड्डाणपुलाच्या उतारावरून जात असताना एक दुचाकी अचानक समोर आडवी आली. तिला वाचवण्यासाठी गाडी वळवली असता डावी पुढची बाजू दुभाजकावर आदळली. पुढचा बंपर, डावा हेडलाइट व डाव्या पुढच्या चाकाच्या बाजूचे नुकसान झाले. कोणीही जखमी नाही. गाडी ओढून आणली. दुचाकीचा क्रमांक दिसला नाही."

शेवटचं वाक्य काकांना नको होतं. "उगाच शंका येईल." उलट आहे. क्रमांक दिसला नाही हे तुम्ही आधी सांगितलं की कोणी विचारत बसत नाही.

मराठीत लिहिताना एक तांत्रिक अडचण येते. काही पोर्टलं अक्षरं नव्हे, बाइट मोजतात आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. मात्राही वेगळी मोजली जाते. "अपघात" या शब्दात पाच चिन्हं, म्हणजे पंधरा बाइट. हजारची मर्यादा अशा पोर्टलवर सव्वातीनशेच्या आसपास चिन्हांत भरते. वर्णन मधेच कापलं जातंय किंवा बटण करडं राहतंय असं दिसलं तर मजकूर थोडा कमी करून बघा. चॅटमधून कॉपी केलेली वळणदार अवतरणचिन्हं आणि `<` `&` सारखी चिन्हंही काढून टाका.

६. पोलीस रिपोर्टचा रकाना

हा रकाना सक्तीचा आहे की नाही हे अपघातावर आणि पॉलिसीवर अवलंबून असतं, तिथलं चांदणीचं चिन्ह बघा. रिपोर्ट हातात आला नसेल तर "नाही" किंवा "NA" टाकू नका, कारण त्याचा अर्थ नोंदच केली नाही असा होतो. "मिळायचा आहे" असा पर्याय असेल तर तो निवडा आणि नोंदीची पोच चढवा. क्रमांक लिहिताना तिरकी रेघ नाकारली जात असेल तर वर्षाचा रकाना वेगळा आहे का ते बघा.

कागद स्कॅन करताना सगळी पानं, मागच्या बाजूसह, एकाच पीडीएफमध्ये घ्या. पीडीएफला पासवर्ड असेल तर समोरच्याला ती उघडत नाही आणि क्लेम "कागद नाही" म्हणून परत येतो. पासवर्डने उघडून प्रिंटच्या पर्यायातून नवी पीडीएफ सेव्ह करा.

रिपोर्टमध्येच चूक असेल, उदाहरणार्थ गाडीचा एक आकडा, तर फॉर्म त्या चुकीशी जुळवू नका आणि स्वतः पेनने तर अजिबात सुधारू नका. नोंद केली तिथूनच दुरुस्ती करून घ्या. इथे वेळ जातो, म्हणूनच हे शेवटाकडे ठेवलं.

७. पोर्टलचं स्वतःचं दुखणं

वरचं सगळं बरोबर असून फॉर्म अडकत असेल तरच इथे या. भरताना मधे फार वेळ गेला की सत्र संपतं आणि बटण दाबलं तरी काही पोहोचत नाही, म्हणून वर्णन आधी वेगळीकडे लिहून ठेवा आणि मधेमधे ड्राफ्ट सेव्ह करा. ब्राउझर बदला किंवा खासगी विंडो उघडा. फोटो एकेक करून चढवा, एक अडला तर तोच दोषी आहे हे कळतं.

आणि सबमिट दाबल्यावर काही दिसलं नाही तर पुन्हा दाबू नका. आधी मेसेज, मेल आणि पोर्टलवरची "माझे क्लेम" यादी बघा. नंबर आला असेल तर नवा फॉर्म भरायचा नाही. दुरुस्ती त्याच नंबरवर, त्यांच्या प्रश्नाच्या उत्तरात पाठवायची. चुकून दोन नंबर झालेच तर एक बंद करायला लेखी कळवा आणि कुठला चालू ठेवायचा ते स्पष्ट सांगा. काकांचे दोन झाले होते. दुसरा बंद केला, पहिल्यावर पाचही रकाने एकाच वेळी दुरुस्त करून पाठवले, सोबत तीन ओळींचं स्पष्टीकरण. पुढे फॉर्म परत आला नाही, नुकसान बघायला येणाऱ्या सर्व्हेअरची तारीख आली.

इथे थांबा

कोणी जखमी किंवा मृत असेल, समोरच्या गाडीवाल्याने नुकसानभरपाई मागितली असेल, किंवा त्याची हकिगत तुमच्यापेक्षा वेगळी असेल, तर वर्णनाची एकही ओळ पाठवण्याआधी वकिलाशी बोला. फॉर्ममधलं वाक्य नंतर मागे घेणं अवघड असतं. अपघात झाल्याचं कंपनीला कळवायला मात्र उशीर करू नका, ते फोनवरही होतं.

"परत" आणि "नामंजूर" यात फरक आहे. लेखी नामंजुरी आली तर फॉर्म पुन्हा भरून काही उपयोग नाही. पत्रातलं कारण घेऊन कंपनीच्या तक्रार विभागाकडे जावं लागतं. अपघाताची वेळ पॉलिसीच्या काठावर येत असेल किंवा गाडी दुरुस्तीपलीकडे गेली असेल, तेव्हाही जाणकार माणूस घ्या. आणि "तारीख जरा पुढे सरकवू, मी बघतो" म्हणणारा भेटला, तर त्याच्याकडून कागद परत घेऊन निघा.

सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत गॅरेजला गाडी खोलू देऊ नका, आमच्यासारखे घाई करत असले तरी. फोन लावाल तेव्हा क्लेम नंबर, पॉलिसी नंबर आणि चुकीच्या संदेशाचा वेळेसकट स्क्रीनशॉट हाताशी ठेवा. समोरचा पहिल्यांदा हेच मागतो.